डेन्स इंडेक्सला तीन पातळ्या आणि स्पार्सला दोनच? शिवाय माझे २५० ब्लॉक कुठे गेले?

मुग्धा_के (सोमवार, रात्री १०.४०)

मंडळी, गुरुवारी डेटाबेसची अंतर्गत परीक्षा आहे आणि एका गणितावरून माझं आणि रूममेटचं भांडण झालंय. गणित असं:

वीजग्राहकांची फाईल आहे, ६,००,००० रेकॉर्ड. प्रत्येक रेकॉर्ड १५० बाइटचं, ब्लॉक ४०९६ बाइटचा. फाईल ग्राहक क्रमांकानुसार लावलेली आहे. ग्राहक क्रमांक १२ बाइट, ब्लॉक पॉइंटर ६ बाइट. रेकॉर्ड दोन ब्लॉकमध्ये तोडायचं नाही. स्पार्स आणि डेन्स अशा दोन्ही इंडेक्सचे ब्लॉक काढा, मल्टिलेव्हल केल्यास पातळ्या किती ते सांगा.

मी सरळ ६,००,००० गुणिले १५० केलं, ९ कोटी बाइट आले. भागिले ४०९६, उत्तर २१,९७३ ब्लॉक. रूममेटचं उत्तर २२,२२३. बरोब्बर २५० चा फरक. ती म्हणते, तू चूक. का चूक ते मात्र तिला सांगता येत नाही, कारण तिने सीनियरची वही बघून केलंय. :)

दुसरं म्हणजे, वहीत स्पार्सला दोन पातळ्या आणि डेन्सला तीन असं उत्तर आहे. हे नेहमीच असं असतं का?

---

बाइटबहाद्दर (सोमवार, रात्री ११.०५)

रूममेट बरोबर. आधी ब्लॉकिंग फॅक्टर काढायचा, मग भागायचं. ४०९६ भागिले १५० म्हणजे २७.३, खाली आणायचं, २७. मग ६ लाख भागिले २७, वर न्यायचं, २२,२२३.

आणि हो, नियम पाठ करून टाक: डेन्सला स्पार्सपेक्षा एक पातळी जास्त. त्यामुळे स्पार्स नेहमी एका वाचनाने पुढे असतो. बाकी स्पार्स फक्त पुस्तकात असतो, खऱ्या डेटाबेसमध्ये सगळं डेन्सच.

---

जुना_डीबीए (सोमवार, रात्री ११.५०)

बहाद्दर, पहिला परिच्छेद शंभर टक्के. दुसऱ्याबद्दल नंतर भांडू.

मुग्धा, तुझे २५० ब्लॉक हरवलेले नाहीत, ते प्रत्येक ब्लॉकच्या शेपटीला थोडेथोडे पडलेले आहेत. एका ब्लॉकमध्ये २७ रेकॉर्ड बसली की ४०५० बाइट भरले. उरले ४६. त्यात अठ्ठाविसावं रेकॉर्ड मावत नाही आणि तोडायला तर बंदी आहे, मग ते ४६ बाइट तसेच रिकामे. असे २२,२२२ पूर्ण भरलेले ब्लॉक आहेत. ४६ ने गुणलंस तर दहा लाख बावीस हजारांच्या आसपास बाइट येतात, आणि त्याला ४०९६ ने भाग, २४९ आणि वर थोडं. हेच तुझे २५०. तू सगळी रेकॉर्ड पिठासारखी एका डब्यात ओतलीस. ती विटांसारखी रचायची होती.

आता पुढचं सगळं एका ठिकाणी लिहितो.

```
फाईल:    bfr = floor(4096/150) = 27
         b   = ceil(600000/27) = 22223

इंडेक्स:  नोंद = 12 + 6 = 18 बाइट
         fo  = floor(4096/18) = 227

स्पार्स:  ceil(22223/227) = 98,  ceil(98/227) = 1
डेन्स:   ceil(600000/227) = 2644, ceil(2644/227) = 12,
         ceil(12/227) = 1
```

यात एकच गोष्ट समजून घ्यायची आहे, बाकी भागाकार आहे. स्पार्समध्ये नोंदींची संख्या ही *ब्लॉकची* संख्या असते, कारण प्रत्येक ब्लॉकच्या फक्त पहिल्या ग्राहक क्रमांकाची नोंद ठेवतो. डेन्समध्ये ती *रेकॉर्डची* संख्या. म्हणून दोघांच्या पहिल्या पातळीत जवळपास २७ पटींचा फरक, म्हणजे ब्लॉकिंग फॅक्टरएवढाच. ९८ गुणिले २७ करून बघ, २६४६ येतं.

खर्च बघ. इंडेक्सच नसेल तर २२,२२३ ब्लॉकवर द्विभाजन करत जायला १५ वाचनं. एकाच पातळीचा स्पार्स ठेवून त्या ९८ ब्लॉकवर द्विभाजन केलं तर ७, आणि वर डेटाचं एक, एकूण ८. दोन पातळ्या केल्या की २ अधिक १, तीन. डेन्सला तीन पातळ्या अधिक एक, चार.

पण वाचनांपेक्षा आकार बघ. स्पार्सचे दोन्ही थर मिळून ९९ ब्लॉक, चारशे केबीसुद्धा नाही. डेन्सचे २,६५७ ब्लॉक, दहा एमबीच्या वर. आज दहा एमबीला कोणी विचारत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा ज्या मशीनवर काम करायचो त्याची सगळी मेमरी त्याहून कमी होती, त्यामुळे आमच्यासाठी हा फरक म्हणजे इंडेक्स मेमरीत मावतो की नाही हाच प्रश्न होता.

---

सागर_एक्सेलवाला (मंगळवार, सकाळी ८.१५)

आमच्या ऑफिसातही रिपोर्ट फार स्लो होता. मी सगळ्या कॉलमवर इंडेक्स टाकले. तरी स्लोच. मुग्धाताई, रॅम वाढवून बघा, आमचं त्याने झालं.

---

मुग्धा_के (मंगळवार, सकाळी ८.३०)

सागरदादा, परीक्षेच्या कागदाला रॅम कशी वाढवू? :D

डीबीए काका, विटांचं लख्ख कळलं. पण एक अडकलंय. त्याच गणितात (ब) भाग आहे: मोबाइल क्रमांकावर दुय्यम इंडेक्स करा, मोबाइलला १० बाइट. मी म्हटलं स्पार्स छोटा आहे तर तिथेही स्पार्सच करू. वहीत डेन्स केलाय, कारण दिलेलं नाही.

---

पैठणची_मावशी (मंगळवार, दुपारी १.२०)

मला तुमच्या बाइटमधलं काही कळत नाही, मुलगा या विषयात आहे म्हणून धागा उघडला. पण तुमचा वाद वाचून घरातली ज्ञानेश्वरी आठवली.

नवव्या अध्यायातली एखादी ओवी हवी असेल तर सुरुवातीला अठरा अध्यायांची पानं दिलेली असतात, तेवढ्यावर भागतं. नवव्याचं पान उघडायचं आणि ओवीच्या आकड्यापर्यंत पानं उलटत जायचं. अठरा ओळींची यादी पुरते, कारण ओव्या क्रमानेच छापलेल्या आहेत. पण नुसते ओवीचे पहिले दोन शब्द आठवत असतील तर त्या यादीचा काडीचा उपयोग नाही. तेव्हा शेवटची अकारादी सूची काढावी लागते, आणि तिच्यात झाडून सगळ्या नऊ हजार ओव्या असतात. एकही गाळून चालत नाही, कारण "ॐ नमो जी आद्या" नंतर अकारादीत कोण येतं याचा आणि पुस्तकात पुढे काय छापलंय याचा संबंधच नाही.

तुमचं विरळ आणि दाट हेच का?

---

जुना_डीबीए (मंगळवार, दुपारी २.०५)

मावशी, दंडवत. हेच, आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत.

मुग्धा, यात भर म्हणून फक्त स्पार्स कसा *चुकतो* ते दाखवतो, कारण तो एरर देऊन चुकत नाही. छोटे आकडे घे, ब्लॉकला तीन रेकॉर्ड:

```
ब्लॉक 1: 104 109 117
ब्लॉक 2: 121 130 138
ब्लॉक 3: 142 155 160
स्पार्स:  104→1  121→2  142→3
```

१३० शोध. इंडेक्समध्ये १३० नाही. मग १३० पेक्षा मोठी नसलेली सर्वांत मोठी नोंद बघायची, ती १२१. ब्लॉक २ आण, आत १३० सापडतो. आता समज फाईल क्रमाने नाही आणि १३० प्रत्यक्षात ब्लॉक १ मध्ये जाऊन बसलाय. इंडेक्स तेवढ्याच आत्मविश्वासाने ब्लॉक २ दाखवणार, तिथे १३० नसणार आणि प्रोग्राम सांगणार "असा ग्राहक नाही". ग्राहक मात्र घरी बसून बिल भरतोय. जी गोष्ट इंडेक्सने लिहिलेली नाही ती फाईलच्या क्रमाने भरून काढलेली असते. क्रम गेला की इंडेक्सचा अर्धा भागच गेला.

मोबाइल क्रमांकाच्या बाबतीत तो क्रम पहिल्यापासूनच नाही, म्हणून डेन्सला पर्याय नाही. नोंद १० अधिक ६, म्हणजे १६ बाइट, एका ब्लॉकमध्ये नेमक्या २५६. सहा लाखांना २,३४४ ब्लॉक, त्यावर १०, त्यावर १. तीन पातळ्या.

आणि इथे एक गंमत आहे जी वहीत बहुतेक नसेल. या मोबाइल इंडेक्सची *पहिली* पातळीच डेन्स आहे. दुसरी आणि तिसरी स्पार्स आहेत! कारण पहिली पातळी स्वतः मोबाइल क्रमांकाने लावलेली फाईलच झाली की. एकदा लावलेली फाईल हातात आली की तिच्यावर प्रत्येक ब्लॉकला एक नोंद पुरते. म्हणून मल्टिलेव्हल इंडेक्सच्या वरच्या पातळ्या नेहमी स्पार्स असतात, खाली काही का असेना.

---

बाइटबहाद्दर (मंगळवार, संध्याकाळी ६.४०)

मान्य. पण डेन्सचा एक फायदा तुम्ही सांगितला नाहीत. "हा ग्राहक आहे का नाही" एवढंच विचारलं तर डेन्सला डेटा ब्लॉक उघडावाच लागत नाही, इंडेक्समध्येच उत्तर. स्पार्सला उघडावा लागतो. म्हणजे तिथे डेन्स वेगवान.

---

तिरपागडा (मंगळवार, रात्री ९.१५)

या गणितात तरी नाही. डेन्सला इंडेक्सच्या तीन पातळ्या उतराव्या लागतात, तीन वाचनं. स्पार्सला दोन पातळ्या आणि एक डेटा ब्लॉक, तीन वाचनं. बरोबरी! फायदा आहे तो वेगळ्या ठिकाणी: नुसते ग्राहक क्रमांक मोजायचे किंवा एका टोकापासून वाचत जायचे असतील तर डेन्सचे २,६४४ ब्लॉक वाचून होतं, स्पार्सवाल्याला सगळे २२,२२३.

आता तुमच्या "नियम पाठ कर" कडे येतो, कारण तो पोरीने खरंच पाठ केला तर मार्क जातील. एका ब्लॉकमध्ये २२७ नोंदी, म्हणून दोन पातळ्यांत जास्तीत जास्त २२७ चा वर्ग, ५१,५२९ नोंदी मावतात. स्पार्समध्ये नोंद म्हणजे ब्लॉक, ब्लॉकमध्ये २७ रेकॉर्ड. म्हणजे दोन पातळ्यांचा स्पार्स १३,९१,२८३ रेकॉर्डपर्यंत टिकतो. त्यापुढे तिसरी पातळी.

१४ लाख रेकॉर्ड घ्या. डेटाचे ब्लॉक ५१,८५२. त्यावर स्पार्सची पहिली पातळी २२९ ब्लॉक, दुसरी २, तिसरी १. तीन पातळ्या. डेन्स: ६,१६८, मग २८, मग १. याही तीन पातळ्या. दोघांनाही चार वाचनं. नियम गेला उडत.

बघा, दुसऱ्या पातळीवर २२९ नोंदी आल्या आणि ब्लॉकमध्ये मावतात २२७. दोन नोंदींसाठी अख्खी पातळी वाढली.

---

बाइटबहाद्दर (मंगळवार, रात्री ९.३०)

बरं बाबा. पाठ करू नकोस मुग्धा. गणित कर.

पण "खऱ्या डेटाबेसमध्ये स्पार्स नसतो" हे माझं अजून उभं आहे.

---

जुना_डीबीए (मंगळवार, रात्री १०.२०)

तेही बसवतो. :) मायएसक्यूएलचं इनोडीबी घे. तिथे टेबलच प्रायमरी कीच्या बी-प्लस ट्रीमध्ये राहतं, सगळ्यात खालच्या पानांत पूर्ण रेकॉर्ड. त्याच्या वरच्या पानांत काय आहे? प्रत्येक खालच्या पानासाठी एक की आणि एक पॉइंटर. हा स्पार्स इंडेक्स नाही तर काय? तुमच्या मनात "इंडेक्स" म्हणजे वेगळी फाईल आहे, म्हणून तो दिसत नाही. तुमचं म्हणणं पोस्टग्रेसला लागू पडतं. तिथे टेबल ढिगासारखं पडलेलं, त्यावरचा बी-ट्री खालच्या पातळीला डेन्स.

आमच्या वेळी आयबीएमच्या मशीनवर आयसॅम होतं. प्रत्येक ट्रॅकला एक नोंद, वर सिलिंडरचा इंडेक्स, वर आणखी एक. पूर्ण स्पार्स. फक्त नोंद पहिल्या कीची नसून ट्रॅकवरच्या सर्वांत मोठ्या कीची असायची. ती रचना एकदाच बांधलेली, हलत नसे. नवीन रेकॉर्ड मधे घुसवलं की ट्रॅकवरचं शेवटचं बाहेर ढकललं जाऊन ओव्हरफ्लोमध्ये साखळीने लटकायचं. पहिला महिना झकास. तिसऱ्या महिन्यात एकेका ग्राहकासाठी साखळी धरून सात-आठ उड्या. पातळ्या कागदावर तेवढ्याच, पण डिस्कची खडखड ऐकूनच कळायचं की आता फाईल नव्याने लावायला झाली. ते काम रविवारी, आणि रविवार माझे.

तुझ्या गणितात सगळे ब्लॉक ठासून भरलेले धरले आहेत हे त्यामुळे लक्षात असू दे. रेकॉर्ड कशाही क्रमाने येत राहिली तर बी-ट्रीची पानं साधारण ६९ टक्के भरलेली राहतात. २२७ ऐवजी १५६ धर. डेन्सला ३,८४७, मग २५, मग १. ब्लॉक जवळजवळ दीडपट झाले, पातळ्या मात्र तीनच.

---

रानवारा (बुधवार, पहाटे १२.४५)

उशिरा आलो. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण "क्रम गेला की इंडेक्सचा अर्धा भाग गेला" वाचून उडालोच, कारण माझं नेमकं तेच झालंय असं वाटतंय.

आमच्याकडे दूध संकलन केंद्रांच्या नोंदी येतात: केंद्र, वेळ, लिटर, फॅट, एसएनएफ. पोस्टग्रेसमध्ये साधारण ४ कोटी ओळी. वेळेवर बी-ट्री फार मोठा होत होता म्हणून ब्रिन इंडेक्स टाकला. सुरुवातीला "मागच्या महिन्यातल्या अमुक दिवसाची सगळी नोंद द्या" क्षणात यायची. गेल्या दोन-तीन महिन्यांत तीच क्वेरी मिनिटभर लोळते. ओळी काही फार वाढल्या नाहीत. ओळींचा क्रम वेळेशी किती जुळतो ते सांगणारं `correlation` बघितलं तर ०.९७, म्हणजे उत्तम. इंडेक्स वापरला जातोय असंही दिसतं. मग घोडं कुठे अडलंय?

---

सागर_एक्सेलवाला (बुधवार, सकाळी ७.५०)

रॅम.

---

जुना_डीबीए (बुधवार, सकाळी ९.३०)

रानवारा, एक प्रश्न. काही केंद्रं नेट नसताना नोंदी मशीनमध्ये साठवून नंतर एकदम पाठवतात का?

---

रानवारा (बुधवार, सकाळी ९.४२)

हो! डोंगराकडची पंधराएक केंद्रं. आठवड्याने, कधी महिन्याने पाठवतात. हे पावसाळ्यापासून सुरू झालं. तुम्हाला कसं कळलं?

---

जुना_डीबीए (बुधवार, सकाळी १०.३०)

पावसाळा झाला की दर वर्षी कोणाचं तरी हे होतं.

ब्रिन हा स्पार्सचा चुलतभाऊ आहे. दर १२८ पानांच्या पट्ट्याला एक नोंद, आणि त्यात फक्त दोन आकडे: त्या पट्ट्यातली सर्वांत जुनी वेळ आणि सर्वांत नवी. पान ८ केबीचं, म्हणजे पट्टा १ एमबीचा. तुझी ओळ शंभर बाइटच्या आसपास धरली तर पानात ८० ओळी, ४ कोटींना ५ लाख पानं, म्हणजे ३,९०७ पट्टे. चार कोटी ओळींचा इंडेक्स चार हजार नोंदींत. म्हणून तो एवढा चिमुकला.

आता एका पट्ट्यात दहा हजारांवर ओळी आहेत, सगळ्या आजच्या. त्यात डोंगरावरून महिन्यापूर्वीची *एक* ओळ येऊन पडली. त्या पट्ट्याची जुनी वेळ महिनाभर मागे गेली. आता मधल्या कुठल्याही दिवसाबद्दल विचारलंस की ब्रिन म्हणतो, "या पट्ट्यात असू शकेल, बघून घे." असे पट्टे रोज थोडे तयार झाले. `correlation` मात्र सगळ्या ओळींचं एकत्र मोजलं जातं, दहा हजारांत एक ओळ वाकडी असली तर ते ०.९७ च दाखवणार. तू बघितलेला आकडा खोटा नाही, तो या प्रश्नाचं उत्तर नाही एवढंच.

खरं कळतं ते इथे:

```
EXPLAIN (ANALYZE, BUFFERS)
SELECT count(*) FROM sankalan
WHERE vel >= '2024-08-10' AND vel < '2024-08-11';
```

तारीख तुझी घाल. त्यात `Rows Removed by Index Recheck` आणि `Heap Blocks: lossy=` हे दोन आकडे बघ. एका दिवसाच्या ओळी जेवढ्या पानांत मावायला हव्यात त्याच्या कितीतरी पट पानं वाचून बहुतेक ओळी फेकून दिलेल्या दिसल्या, तर दुखणं हेच.

आणि मुग्धा, तुझ्यासाठी फरक: पुस्तकातला स्पार्स क्रम मोडला की *चुकीचं* उत्तर देतो, ब्रिन क्रम मोडला की बरोबर उत्तर *उशिरा* देतो. कारण तो "इथून पुढे" असं न सांगता "इथून इथपर्यंत" असं सांगतो, आणि शंका असली की पट्टा उघडून खात्री करतो.

---

रानवारा (बुधवार, दुपारी १२.१०)

काका, चालवलं. `lossy` तीस हजारांच्या वर, आणि फेकलेल्या ओळी पंचवीस लाखांच्या आसपास. मिळालेल्या ओळी लाखभर. डोकंच धरलं.

उपाय? `CLUSTER` करून टेबल पुन्हा लावू का?

---

जुना_डीबीए (बुधवार, दुपारी १२.४०)

लावता येईल, पण त्यासाठी आधी बी-ट्री लागेल, ब्रिनवर `CLUSTER` चालत नाही. शिवाय ते चालू असेपर्यंत टेबलाला पूर्ण कुलूप, दूध मात्र सकाळ-संध्याकाळ येणारच. आणि पुढच्या आठवड्यात डोंगरावरून पुन्हा नोंदी येतील. म्हणजे माझे रविवार तुझ्या नशिबी.

पोस्टग्रेस १४ किंवा पुढचं असेल तर ब्रिनचाच एक प्रकार आहे, जो पट्ट्याला एकच मोठी रेघ न ठेवता अनेक तुकडे ठेवतो. आजचा दिवस एक तुकडा, महिन्यापूर्वीची ती एकटी ओळ दुसरा तुकडा. मधले दिवस मोकळे राहतात.

```
CREATE INDEX ON sankalan
USING brin (vel timestamptz_minmax_multi_ops);
```

कॉलम `timestamptz` आहे असं धरलंय. आधी चाचणीच्या कॉपीवर कर.

---

तिरपागडा (बुधवार, दुपारी २.००)

मी असतो तर महिन्यानुसार पार्टिशन केले असते. उशिरा आलेली ओळ आपोआप तिच्या महिन्याच्या टेबलात जाते. महिन्याच्या आत थोडी सरमिसळ झाली तरी नुकसान महिन्यापुरतं.

---

जुना_डीबीए (बुधवार, दुपारी २.१५)

चालू ४ कोटींच्या टेबलाला पार्टिशन करणं हे एका ओळीत लिहायला सोपं असतं. पण नव्याने उभं करायचं असेल तर हो, तेच.

---

मुग्धा_के (बुधवार, रात्री ८.५०)

तुम्ही दूध तापवताय तोवर एक शेवटची शंका. मागच्या वर्षीच्या पेपरात "रेकॉर्ड पॉइंटर ७ बाइट" असंही दिलेलं आहे. मग डेन्सच्या नोंदीला १८ धरायचे की १९?

---

बाइटबहाद्दर (बुधवार, रात्री ९.०५)

डेन्समध्ये प्रत्येक रेकॉर्डकडे बोट दाखवायचं असतं, म्हणून रेकॉर्ड पॉइंटर. १९. ब्लॉकमध्ये २१५ नोंदी, पहिली पातळी २,७९१ ब्लॉक. वरच्या पातळ्या ब्लॉककडे बोट दाखवतात, तिथे पुन्हा १८ आणि २२७. म्हणून १३, मग १. पातळ्या तीनच.

---

तिरपागडा (बुधवार, रात्री ९.२०)

ब्लॉक पॉइंटरही चालतो. ब्लॉक मेमरीत आला की २७ रेकॉर्डमधून शोधायला डिस्क लागत नाही. मी १८ च धरतो. फाईल लावलेली असताना रेकॉर्ड ब्लॉकच्या आत सरकली तर रेकॉर्ड पॉइंटर बदलावे लागतात, ते वेगळंच.

---

बाइटबहाद्दर (बुधवार, रात्री ९.२५)

ब्लॉकच्या सुरुवातीला जागांची यादी ठेवली तर नाही बदलावे लागत. प्रश्नात ७ दिलेत ते वापरायलाच दिलेत ना.

---

तिरपागडा (बुधवार, रात्री ९.२८)

प्रश्नात रेकॉर्डची लांबीही दिलेली असते आणि मुग्धाने तीही वापरली होती.

---

मुग्धा_के (गुरुवार, संध्याकाळी ५.३०)

पेपर झाला. आकडे वेगळे होते, रीत हीच. आणि ऐका, शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलेलं: "रेकॉर्ड ब्लॉकच्या सीमेपलीकडे जाऊ शकते." म्हणजे माझी पिठाची पद्धत बरोबर! मी एकटीनेच सरळ बाइट भागिले ब्लॉक केलं, रूममेटने विटा रचल्या. :D

फक्त स्पार्समध्ये अडखळले. रेकॉर्ड मागच्या ब्लॉकमध्ये सुरू होऊन पुढच्यात संपत असेल तर पुढच्या ब्लॉकची "पहिली की" कुठली? मी त्या ब्लॉकमध्ये *सुरू* होणारं पहिलं रेकॉर्ड धरलं.

---

जुना_डीबीए (गुरुवार, संध्याकाळी ६.१०)

बरोबर धरलंस. रेकॉर्ड ब्लॉकपेक्षा लहान असलं की प्रत्येक पूर्ण भरलेल्या ब्लॉकमध्ये एखादं तरी सुरू होतंच. सोमवारच्या आकड्यांवर केलं तर २१,९७३ नोंदी, म्हणजे ९८ ऐवजी ९७ ब्लॉक. पण कधीकधी एका रेकॉर्डसाठी डेटाचे दोन ब्लॉक वाचावे लागतील. वाचनं किती लिहिलीस?

---

मुग्धा_के (गुरुवार, संध्याकाळी ६.१५)

तीन. :(